लॉक-इन असलेल्या जिमला स्थलांतराचे पत्र

लॉक-इनच्या, म्हणजे सदस्यत्व मध्येच सोडता येत नाही अशा ठरलेल्या काळात शहर बदलावे लागले, तर ‘सदस्यत्व रद्द करावे’ एवढ्याच पत्रावर जिम उरलेले हप्ते मागू शकते. म्हणून आधी करारातील स्थलांतराचे कलम शोधावे. अनेकदा त्यात नव्या पत्त्यापासून जिमच्या जवळच्या शाखेचे किमान अंतरही दिलेले असते. पत्रात त्या कलमाचा क्रमांक, सदस्य क्रमांक आणि नेमकी तारीख लिहावी. सूचनेची मुदत ३० दिवसांची असून पत्र ४ जूनला पोहोचले, तर ‘४ जुलै हा माझ्या सदस्यत्वाचा शेवटचा दिवस समजावा’ असे स्पष्ट म्हणावे. सोबत बदलीचा आदेश किंवा नवा भाडेकरार (त्यातील रक्कम खुशाल झाकावी) जोडून लेखी पोच घ्यावी.

शेवटचा देय हप्ता जाईपर्यंत ऑटो-डेबिट मात्र बंद करू नये, कारण थकबाकी दाखवून अर्ज अडवला जाऊ शकतो.