टेलिप्रॉम्प्टरवरचे वाचन ताठर का होते? या चुका टाळा

कॅमेऱ्यासमोरच्या काचेवर सरकता मजकूर दाखवणाऱ्या टेलिप्रॉम्प्टरवरून बोलणारा माणूस ताठर वाटला की दोष त्याच्या आवाजाला किंवा भीतीला दिला जातो. इंदुरात मराठी मंडळांच्या चित्रीकरणात मी प्रॉम्प्टर चालवतो, आणि माझे ठाम मत असे आहे की बहुतेक वेळा दोष संहितेचा असतो. सगळे निवेदन एकाच टेकमध्ये घ्यायचे असेल, तर तो संकलनात झाकताही येत नाही.

सर्वांत मोठी चूक म्हणजे लेखच संहिता म्हणून लावणे. अहिल्याबाई होळकरांवरील एका छोट्या निवेदनासाठी आलेल्या मजकुराचे पहिले वाक्य असे होते: “चौंडी येथे १७२५ मध्ये जन्मलेल्या आणि पती खंडेराव, सासरे मल्हारराव व पुत्र मालेराव यांच्या निधनानंतर १७६७ मध्ये राज्यकारभार हाती घेतलेल्या अहिल्याबाईंनी आपली राजधानी महेश्वर येथे नेली.” छापील पानावर हे वाक्य निर्दोष आहे. काचेवर मात्र एका वेळी मोजक्याच ओळी दिसतात, त्यामुळे वाक्य कोणाविषयी आहे आणि ते कुठे संपणार आहे, हे वाचणाऱ्या काकूंना दिसतच नव्हते. वाक्याचा शेवट दिसत नसला की माणूस आवाज एकाच पट्टीत धरून ठेवतो, आणि ऐकणाऱ्याला जाणवणारा सपाटपणा तिथूनच येतो. काकू ‘१७२५’ या आकड्यापाशी अडखळल्या, ‘मालेराव यांच्या’पर्यंत त्यांचा श्वास संपला आणि उरलेले वाक्य त्यांनी घाईने संपवले. टेकमागून टेक वाया जात होते. त्याच काकू चहाच्या वेळी तोच इतिहास रंगवून सांगत होत्या! शेवटी मी काच बंद केली, “काकू, न बघता सांगा,” असे म्हटले, आणि त्या जे बोलल्या ते तसेच उतरवून घेतले:

अहिल्याबाईंचा जन्म चौंडीचा.
साल सतराशे पंचवीस.

आधी पती गेले.
मग सासरे.
आणि मग मुलगाही गेला.

सतराशे सदुसष्टमध्ये
त्यांनी कारभार हाती घेतला,
आणि राजधानी नेली महेश्वरला.

यात तीन गोष्टी बदलल्या आहेत. साल अक्षरांत लिहिले आहे, ज्याच्याविषयी बोलायचे त्याचे नाव आधी आले आहे, आणि शेवटच्या ओळीत क्रियापद मागे न ठेवता आधी घेतल्यामुळे आवाजाचा जोर ‘महेश्वरला’ या शब्दावर आपोआप पडतो. मात्र हे पाहून सगळीच वाक्ये तीन-तीन शब्दांची करू नयेत. सारख्या लांबीची तुटक वाक्येही ऐकायला तितकीच कृत्रिम वाटतात, म्हणून तिसऱ्या खंडातले वाक्य मुद्दाम लांब ठेवले आहे.

दुसरी चूक ओळी तोडण्याची आहे, आणि ती मला सर्वांत जास्त खटकते. मजकूर चिकटवून अक्षरांचा आकार वाढवला की ओळ जागा संपेल तिथे तुटते. मराठीत नकार बहुधा वाक्याच्या शेवटी येतो. ‘असा पुरावा मिळत’ येथे ओळ संपली आणि ‘नाही’ खाली गेले, तर वाचणारा होकाराच्या सुरात उतरतो आणि मग त्याला ‘नाही’ वेगळे चिकटवावे लागते. हा सांधा लगेच ऐकू येतो. म्हणून आधी अक्षरांचा आकार आणि रकान्याची रुंदी कायम करावी, नंतर संहिता मोठ्याने वाचत, श्वास घ्यावासा वाटेल तिथे हाताने ओळ तोडावी. क्रम उलटा केला तर सगळे तोडणे पुन्हा करावे लागते. हे काम वेळखाऊ आहे, पण त्याला पर्याय मला तरी सापडलेला नाही. विरामासाठी एक ओळ रिकामी सोडावी. कंसात ‘थांबा’ लिहू नये, कारण घाईत तो शब्दही वाचला जातो.

‘केले’, ‘असे’ यांऐवजी संहितेत ‘केलं’, ‘असं’ लिहावे.

नवख्यांना ठरावीक वेगाने सरकणारे ॲप फार आवडते, कारण त्याला चालवणारा माणूस लागत नाही. पण मजकूर स्वतःच्या वेगाने पुढे जात असेल, तर बोलणारा विराम घ्यायला घाबरतो आणि त्याच्यामागे धावू लागतो. मजकुराने आवाजाच्या मागे यावे. त्यासाठी चालवणाऱ्याने चालू ओळ काचेच्या वरच्या एक तृतीयांश भागात, शक्यतो कॅमेऱ्याच्या भिंगाच्या उंचीवर ठेवावी आणि बोलणारा थांबला की आपणही थांबावे.

डोळे डावी-उजवीकडे फिरताना दिसत असतील, तर रकाना अरुंद करावा आणि कॅमेरा थोडा मागे न्यावा.

संहितेच्या अखेरीस दहा-बारा रिकाम्या ओळी सोडायला पुष्कळजण विसरतात. त्या नसल्या तर काही ॲपमध्ये शेवटचे वाक्य काचेच्या तळाशीच अडकते आणि नेमक्या त्या वाक्याला बोलणाऱ्याची नजर खाली जाते. त्या ओळी असल्या तर शेवटचा शब्दही भिंगासमोर येतो, आणि तो उच्चारल्यावर कॅमेरा बंद होईपर्यंत नजर तिथेच ठेवता येते.