पुट की कॉल: परतावा एकाच मापाने मोजा

कॅश-सिक्युअर्ड पुट आणि कव्हर्ड कॉल यांचा वार्षिक परतावा शेजारी मांडायचा, तर स्ट्राइक आणि मुदत एकच घ्या. नाहीतर तुलना दोन वेगळ्या जोखमींची होते.

समजा शेअरचा भाव 100, स्ट्राइक 100, मुदत 30 दिवस आणि मधे लाभांश नाही. पुटचा प्रीमियम 2.00, कॉलचा 2.40. वरवर कॉल सरस दिसतो.

आता अडकलेलं भांडवल पाहा. पुटसाठी 100 बाजूला ठेवले, पण 2 लगेच हातात आले, म्हणजे आपले 98. कॉलमध्ये शेअर 100 चा, त्यातून 2.40 वजा, म्हणजे 97.60. परतावा अनुक्रमे 2.04 आणि 2.46 टक्के. पण पुटमागची रोकड वार्षिक 5 टक्के व्याज देणाऱ्या ठेवीत असेल, तर 98 वर 30 दिवसांत साधारण 0.40 मिळतात. ते धरले की पुटचाही परतावा 2.45 टक्के होतो. फरक जवळपास संपला! वर्षाला दोन्ही 30 टक्क्यांच्या आसपास (365 भागिले 30 ने गुणून), तेही दर महिन्याला असाच प्रीमियम मिळाला तरच.

हमखास चूक होते ती छेदात. शेअर पूर्वी 60 ला घेतला म्हणून 2.40 ला 60 ने भागलं, तर 4 टक्के दिसतात; पण आज विकून मोकळे होऊ शकणारे 100 अडकलेत. पुटला ब्रोकरच्या मार्जिनने भागणं हीही तशीच फसवणूक. आणि पोझिशन 12 दिवसांत बंद केली, तर 30 नव्हे, 12 दिवस धरा.