"कोटेशन पाठवा" म्हणजे होकार नव्हे

पहिल्या कॉलवर गिऱ्हाईक गोड बोलतं, शेवटी "कोटेशन पाठवा, बघू" म्हणतं आणि मग फोन उचलत नाही. हे वाक्य ऐकलं की माझ्या पोटात अजूनही गोळा येतो. सॉफ्टवेअरची कामं स्वतः घेणारा नवीन माणूस इथेच अडकतो, म्हणून यावरच सविस्तर लिहितो.

समजा, लातूरच्या डाळमिलचे मालक म्हणतात, "आम्हाला अ‍ॅप करून पाहिजे." लगेच फीचर सांगत सुटू नका. "परवा तुरीची गाडी आली, तेव्हा काट्यापासून गोदामापर्यंत काय काय झालं?" असं विचारा. उत्तरातून कळतं की वजन मुनीम वहीत लिहितात आणि रात्री तेच आकडे दुसरा माणूस टॅलीत भरतो. महिनाअखेर कट्टे जुळत नाहीत. म्हणजे दुखणं दुहेरी नोंदीचं आहे, अ‍ॅपचं नाही. पुढचे प्रश्न यातूनच निघतात. मेळ घालायला किती दिवस जातात? फरक निघाला तर तो कोणाच्या अंगावर येतो? आधी काही करून पाहिलं होतं का, ते का बंद पडलं? आणि आत्ताच का? "जानेवारीत नवी तूर येईल, त्याआधी पाहिजे" असं उत्तर आलं तर काम खरं आहे. "असंच, चौकशी करावी म्हटलं" आलं तर तासभर घालवू नका.

आता मुख्य फास. मालकांना सगळं पटतं, पण पैसे थोरले भाऊ सोडतात आणि सीएंनाही विचारावं लागतं. ते कॉलवर नसतात. तुमचं कोटेशन त्यांच्यापुढे नुसता आकडा म्हणून जातं, आणि आकडा कोणालाही महागच वाटतो. म्हणून अर्ध्या कॉलातच विचारा, "हे ठरवताना घरातून अजून कोणाचं मत घेता?" प्रश्न आगाऊ वाटेल, पण आपल्याकडचे धंदे घरातले असतात, कोणी वाईट वाटून घेत नाही. मग म्हणा, "दादांना वेळ असेल तेव्हा तिघं बोलू, आकडा तेव्हाच सांगतो." फोन ठेवण्याआधी वार आणि वेळ पक्की करा. तासाभरात प्रपोजल पाठवा असं शिकवणारे गुरू पुष्कळ आहेत. माझं त्यांच्याशी अजिबात जमत नाही.

दुसऱ्या कॉलवरही पूर्ण काम विकू नका. पहिला टप्पा लहान आणि पैसे घेऊनच ठेवा: दोन दिवस मिलमध्ये बसून नोंदींचा प्रवास कागदावर मांडणं, अ‍ॅपच्या स्क्रीनचे कच्चे आराखडे आणि पूर्ण कामाचा अंदाज. समजा १५,००० रुपये, पुढचं काम दिलंत तर त्यातून वजा. एवढ्या रकमेला दादा सहसा अडत नाहीत. अडलेच तर मोठं कामही मिळणार नव्हतं, हे स्वस्तात कळलं.

त्याच संध्याकाळी एका पानावर लिहून पाठवा: काय करणार, काय करणार नाही, माहिती कोण देणार, जीएसटी धरून की वगळून, निम्मे आगाऊ. व्हॉट्सअ‍ॅपवर "ठीक आहे" आलं तरी कामाला लागू नका. आगाऊ रक्कम खात्यात जमा झाली की मिलला जायचा दिवस कळवा.