'हेल्प डेस्क' ऐकू येतं 'हॅल्प डिस्क': न्यूझीलंडच्या इंग्रजीला कान कसा लावावा

पुण्यात सकाळचे साडेसात, ऑकलंडला तिथल्या उन्हाळ्यात दुपारचे तीन. कॉलवरचा माणूस म्हणतो, "चिक द बेच अट टिन, अट्स अन द सक्स्थ टेब." त्याला म्हणायचंय, "चेक द बॅच ॲट टेन, इट्स इन द सिक्स्थ टॅब." यातला एकही शब्द तुम्हाला नवा नाही. लिहून दाखवला असता तर क्षणात कळला असता. पण ऐकलेलं उलगडेपर्यंत तो पुढच्या दोन वाक्यांवर गेलेला असतो.

अशा वेळी आपण "जरा सावकाश बोला" म्हणतो. त्याचा उपयोग थोडाच होतो, कारण अडचण वेगाची नसते. सावकाश म्हटलेला 'टिन' हा 'टिन'च राहतो. स्वर कुठून कुठे गेलेत हे कळलं की मात्र तोच माणूस नेहमीच्या वेगात समजू लागतो. हे प्रत्येक देशाच्या इंग्रजीला लागू आहे. इथे न्यूझीलंड घेतलं आहे, कारण तिथली सरकासरक ठळक आहे आणि देवनागरीत चांगली मांडता येते.

आधी कागदावर नकाशा काढा

तीन ऱ्हस्व स्वर लक्षात ठेवा: ॲ, ए, इ. बाकावर बसलेल्या मुलांनी एकेक जागा सरकावी तसे हे तिन्ही सरकलेत. ॲ गेला ए-च्या जागी, म्हणून 'पॅन' ऐकू येतो 'पेन'. ए-ला उठावं लागलं, तो इ-कडे गेला, म्हणून 'पेन' होतो 'पिन'. इ-ला पुढे जागाच नव्हती, तो तोंडाच्या मध्यभागी, आपल्या अ-जवळ जाऊन बसला, म्हणून 'पिन' होतो 'पन'. शेजारचे ऑस्ट्रेलियन यावरूनच न्यूझीलंडवाल्यांना 'फश अँड चप्स' म्हणून चिडवतात. न्यूझीलंडवाले उलट 'फीश अँड चीप्स' म्हणून परतफेड करतात, कारण ऑस्ट्रेलियात तोच स्वर दुसऱ्या दिशेला गेलाय.

देवनागरीतलं हे लेखन ढोबळ आहे. 'टेन'मधला स्वर अगदी आपला इ होत नाही, पण त्याच्याकडे इतका झुकतो की घाईत कान 'टिन'च नोंदवतो. त्यातून 'लेफ्ट'चा 'लिफ्ट' होतो, 'टेक्स्ट'चा 'टिक्स्ट', 'बॅड'चा 'बेड'. प्रेझेंटेशनच्या 'डेक'चं काय होतं ते तुम्हीच ताडा. पहिल्यांदा ऐकणारा दचकतोच.

आता या नियमाला एक मोठा अपवाद. ए-च्या पुढे ल आला तर गाडी उलटी फिरते आणि ए चक्क ॲ-कडे जातो. 'टेल' ऐकू येतं 'टॅल', 'यलो' येतं 'यॅलो', राजधानी वेलिंग्टन अनेकांच्या तोंडी 'वॅलिंग्टन' होते. 'सेलरी' ही भाजी आणि 'सॅलरी' हा पगार पुष्कळांच्या बोलण्यात एकच होऊन जातात. म्हणून 'हेल्प डेस्क' हा शब्द सरावाला उत्तम. 'हेल्प'मध्ये ए-च्या पुढे ल आहे, म्हणून 'हॅल्प'. 'डेस्क'मध्ये नाही, म्हणून 'डिस्क'. हॅल्प डिस्क! नियम पाठ नसेल तर ऐकणारा हार्ड डिस्कची चौकशी करत बसतो.

पाचवी गोष्ट 'एअर' आणि 'इअर'ची. बहुतेक तरुण न्यूझीलंडवासी हे दोन्ही सारखेच, 'इअर'च्या अंगाने म्हणतात. अस्वल आणि बिअर यांचा उच्चार एकच. कामाच्या बोलण्यात 'शेअर्ड ड्राइव्ह'चं 'शिअर्ड ड्राइव्ह' होतं, 'सॉफ्टवेअर'चं 'सॉफ्टविअर'. इथे मात्र कान कितीही तयार केला तरी बोलणाराच फरक करत नाही, म्हणून अर्थावरूनच ओळखायचं.

तीन स्वरांच्या तीन ओळी, ल-चा अपवाद आणि 'एअर-इअर', एवढ्या पाच ओळी चिठ्ठीवर लिहून मॉनिटरला चिकटवा. शब्दाशेवटचा र गळणं, 'डेटा'ला 'दाता'सारखं म्हणणं वगैरे बाकीच्या गोष्टी ऐकता ऐकता आपसूक बसतात.

मग डोळ्यांसमोर मजकूर ठेवून ऐका

अनेक जण पॉडकास्ट लावून भांडी घासतात आणि कान तयार होईल म्हणतात. होतो, पण फार हळू. मेंदूला आधी कळावं लागतं की हा शब्द 'टेन'च आहे. मगच तो या माणसाचा 'टिन'सारखा स्वर ए-च्या खात्यात टाकायला शिकतो. शब्द कोणता होता हेच कळलं नाही, तर शिकायला काही उरत नाही.

याची छान तपासणी होल्गर मिटरर आणि जेम्स मॅक्वीन यांनी 2009 मध्ये प्रसिद्ध केली. डच मातृभाषा असलेल्या लोकांना त्यांनी ऑस्ट्रेलियन आणि स्कॉटिश बोलीतले व्हिडिओ दाखवले. काहींना इंग्रजी सबटायटल्स होती, काहींना डच, काहींना काहीच नाही. नंतर त्याच बोलीतली न ऐकलेली वाक्यं ऐकवली, तेव्हा इंग्रजी सबटायटल्सवाल्यांची कामगिरी सुधारलेली होती. डच सबटायटल्सवाले मात्र काहीच सबटायटल्स नसलेल्यांपेक्षाही मागे पडले. म्हणजे सरावाच्या वेळी हिंदी किंवा मराठी सबटायटल्स बंद.

साहित्य म्हणून मला न्यूझीलंडची संसद आवडते. तिथल्या भाषणांचे व्हिडिओ आणि हॅन्सार्ड नावाची अधिकृत लेखी नोंद, दोन्ही इंटरनेटवर फुकट मिळतात. शेतकरी, वकील, शिक्षक, सगळ्या वयाची माणसं तिथे बोलतात, आणि विषय बहुधा कंटाळवाणा असल्यामुळे पुढचं वाक्य अंदाजाने ओळखण्याची सोय नसते. नोंद किंचित साफसूफ केलेली असते, त्यामुळे एखादा अडखळलेला शब्द तिच्यात सापडणार नाही. व्हिडिओवर आपोआप उमटणाऱ्या सबटायटल्सवर भरवसा ठेवू नका, कारण तुमचा कान जिथे फसतो तिथे तीही अनेकदा फसतात.

दीड मिनिटाचा तुकडा घ्या. पहिल्यांदा मजकूर न बघता ऐका आणि ऐकू आलं ते लिहा. कळलं नाही तिथे जसं वाजलं तसं देवनागरीत लिहा. इंग्रजी स्पेलिंग लिहायला गेलात की कान ऐकायचं सोडून अंदाज बांधतो, देवनागरीत तो निमूट नोंद करतो. मग हॅन्सार्ड उघडा आणि चुकलेल्या शब्दांवर खूण करा. तिसऱ्यांदा मजकूर वाचत ऐका, चौथ्यांदा मजकूर झाकून. वीसेक मिनिटांत हे होतं. रोज एक तुकडा पुरे. एका बैठकीत दहा तुकडे केले तर शेवटचे सहा नुसतेच वाजतात.

खरी माहिती चुकांच्या यादीत असते. 'रेंट'ऐवजी 'रिंट' लिहिलं असेल, तर ती स्वराची चूक. चिठ्ठीवरच्या दुसऱ्या ओळीतली. छापलेला शब्द पाहूनही अर्थ कळला नसेल, तर दोष कानाचा नाही, शब्दच माहीत नव्हता. न्यूझीलंडमध्ये माओरी शब्द रोजच्या कामात येतात: 'किया ओरा' म्हणजे नमस्कार, 'माही' म्हणजे काम, 'फानाऊ' म्हणजे कुटुंब. हा शेवटचा स्पेलिंगमध्ये wh ने सुरू होतो आणि बहुधा फ वाजतो. असे शब्द पाठच करावे लागतात, कितीही ऐकून उपयोग नाही.

एकाच माणसावर थांबू नका

आपल्या मॅनेजरचं बोलणं महिन्याभरात समजू लागतं. मग एक दिवस तो रजेवर जातो, दुसरी बाई कॉल घेते आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. ॲन ब्रॅडलो आणि टेसा बेंट यांच्या 2008 च्या अभ्यासात हेच दिसलं. अमेरिकन श्रोत्यांना चिनी धाटणीचं इंग्रजी ऐकवलं होतं. एकाच वक्त्यावर सराव केलेल्यांना तो वक्ता समजू लागला, पण त्याच धाटणीचा नवा वक्ता चांगला समजला तो अनेक वक्ते ऐकलेल्यांना. म्हणून आठवड्यात किमान चार-पाच आवाज बदला, बायका-पुरुष, तरुण-म्हातारे मिसळून. एकच शब्द वेगवेगळ्या तोंडी ऐकायचा असेल तर youglish.com वर देश निवडून तो शब्द टाका.

आकडे, अक्षरं आणि चढता सूर

वाक्यात संदर्भ मदतीला येतो, आकड्यात येत नाही. 'सक्स, सिवन, टिन' हे तर कळेल, पण स्पेलिंग सांगताना A हे अक्षर पुष्कळदा 'आय'च्या जवळ वाजतं आणि I समजून लिहिलं जातं. तिकीट नंबर, सर्व्हरचं नाव, आडनाव यांसाठी कानावर विसंबू नका. "अल्फा की इंडिया?" असं थेट विचारा, किंवा ऐकलेलं चॅटमध्ये टाइप करून "बरोबर?" म्हणा. यात कमीपणा काही नाही, विमानवाले दिवसभर हेच करतात.

सूर हा आणखी एक सापळा. तिथले लोक साध्या विधानाच्या शेवटी आवाज चढवतात. "आम्ही काल रिलीज केलं" हे आपल्याला "काल रिलीज केलं?" असं ऐकू येतं आणि आपण उगाच उत्तर देऊ लागतो. ओळखायची खूण वाक्यरचनेत: क्रियापद पुढे आलं नसेल, 'व्हॉट', 'व्हेन' नसेल, आणि तो न थांबता पुढे बोलत असेल, तर ते विधान. नुसतं "हं" म्हणा. तसंच "या, ना" म्हणजे होकार नव्हे. बहुतेक वेळा तो सौम्य नकार असतो, निर्णायक शब्द दुसरा.

कानाच्या आधी तार तपासा

जुन्या पद्धतीच्या फोन लाइनवर साधारण 300 ते 3400 हर्ट्झ एवढाच आवाज जातो. स आणि फ यांना वेगळं करणारा बराचसा भाग त्याच्या वर असतो. म्हणून मीटिंगला नंबर फिरवून शिरण्यापेक्षा लॅपटॉपवरून इंटरनेटने शिरा. ब्लूटूथ हेडफोनवर गाणी सुरेख वाजतात, पण त्याचाच माइक चालू झाला की पुष्कळ हेडफोन हलक्या दर्जाच्या कॉल-मोडमध्ये जातात आणि आवाज डब्यातून आल्यासारखा होतो. तारेचा साधा हेडसेट घ्या, किंवा माइक लॅपटॉपचा आणि आवाज हेडफोनचा असं सेटिंग करा. सरावात नव्वद टक्के कळतं आणि कॉलवर निम्मंच, असं असेल तर आधी इथे बघा.

एक मर्यादा मात्र राहतेच. ऑकलंडच्या दर दहा रहिवाशांत चारेक जण परदेशात जन्मलेले आहेत. तुमच्या कॉलवरची व्यक्ती दक्षिण आफ्रिकेची, फिलिपिन्सची, क्वचित नाशिकचीही निघेल, आणि दक्षिणेकडच्या साउथलंड भागातला माणूस र ठासून म्हणेल. तेव्हा वरची चिठ्ठी लागू पडणार नाही, नवी करावी लागेल. त्यासाठी accent.gmu.edu वर जा. जॉर्ज मेसन विद्यापीठाच्या या संग्रहात जगभरच्या माणसांनी एकच इंग्रजी परिच्छेद वाचलेला आहे. मजकूर ठरलेला असल्याने काय म्हटलंय याची शंका उरत नाही, फक्त कसं म्हटलंय तेवढंच ऐकायचं. हव्या त्या देशाचे तीन-चार आवाज ऐका, प्रत्येक शब्द जसा वाजला तसा देवनागरीत लिहा, आणि तुमच्या उच्चारापासून जे स्वर सगळ्यांच्या तोंडी सारखेच सरकलेले दिसतात तेवढेच चिठ्ठीवर उतरवा.