चिखलातला ठसा: आधी मोजपट्टी ठेवा, मग औषधाचं बघा

पावसाने उघडीप दिली की पहाटे सगळ्यात आधी बांधालगतचा ओला पट्टा बघा. रात्री कोणतं जनावर येऊन गेलं ते तिथे उमटलेलं असतं. ऊन चढलं की कडा ढासळतात आणि पुन्हा सर आली तर सगळंच पुसतं.

ठसा सापडूनही पीक जातं ते बहुतेक वेळा एकाच हलगर्जीपणामुळे. फोटोत माप नसतं. उभ्या उभ्या, तिरपा, एकाच ठशाचा फोटो काढायचा आणि दुकानात दाखवायचा. दुकानदार बेधडक जनावराचं नाव सांगतो आणि ते पळवायचं वासाचं महागडं औषध गळ्यात मारतो. तेव्हा ठशाला चिकटून पट्टी ठेवा, मोबाईल बरोबर डोक्यावरून धरा आणि सलग तीन-चार ठसे टिपा. माप ठशाच्या तळाचं घ्या. चिखलात वरची कड फाकते आणि कोल्हासुद्धा बिबट्या वाटतो.

एका मक्याच्या शेतातला फोटो असाच आला होता. दोन खुरं दिसत होती, मागचा भाग कापला गेला होता. हरीण ठरवून फवारणी झाली, नासधूस थांबली नाही. दुसऱ्या दिवशी पूर्ण ठसा घेतला, तेव्हा खुरांच्या मागे दोन्ही बाजूंना बाहेर फाकलेल्या दोन छोट्या खुणा निघाल्या. ते रानडुक्कर. हरणाची ही मागची छोटी खुरं खोल चिखलात किंवा पळतानाच उमटतात, आणि तीही खुरांच्या रुंदीतच राहतात. शिवाय हरणाचं खूर टोकदार, डुकराचं बोथट. फरक कळल्यावर कुंपणाचं बदललं: हरीण वरून उडी मारतं, डुक्कर खालून घुसतं, म्हणून खालची तार जमिनीलगत ताणली.

चार बोटं आणि नखं म्हणजे कुत्रा-कोल्हा, नखं नसली तर मांजरकुळ, असं पुस्तक सांगतं. निसरड्या चिखलात मांजरही नखं बाहेर काढतं, म्हणून मी नखांपेक्षा तळव्याच्या गादीची मागची कड बघतो. तीन फुगवटे दिसले तर मांजरकुळ. अशा ठशाची रुंदी ७ सेंमीच्या आसपास किंवा जास्त असली तर बिबट्या धरून चाला. मागावर जाऊ नका, वनखात्याला कळवा. मुंगसाच्या ठशात पाच बोटं असतात, पण पाचवं बऱ्याचदा उमटतच नाही. सहा-सात बोटं मोजली गेली तर घाबरू नका, मागचा पाय पुढच्या ठशावर पडलाय. पुढचा ठसा बघा.

बाकीची कामं:
- चर मोकळे करणे
- बांधावरचं गवत काढणे
- तारा आणि खांब तपासणे
- बांधालगत हातभर रुंद माती भुसभुशीत ठेवणे, म्हणजे उद्याचा ठसा स्वच्छ उमटेल