या चुका टाळा: बोटीवरचा पगार बारा महिन्यांचा समजू नका

मानेवाड्यातला एक मुलगा गेल्या दिवाळीत माझ्याकडे आला होता. मेकॅनिकल इंजिनियर झाल्यावर बोटीवर इंजिनियर होण्यासाठीचा जीएमईचा कोर्स केलेला, क्लास फोर ही पहिली सर्टिफिकेट परीक्षा पास, चार वर्षांपासून बोटीवर थर्ड इंजिनियर. पुढचं जॉइनिंग तोंडावर होतं आणि कंपनी विचारत होती, यावेळी दोन महिने जास्त थांबशील का? मागच्या दोन कॉन्ट्रॅक्टला तो आधीच थांबला होता. बायको आणि तीन वर्षांची मुलगी नागपुरात. "काका, नाही म्हणायची हिंमत होत नाही, हप्ते आहेत," तो म्हणाला.

मी स्वतः चौदा वर्षं इंजिनरूममध्ये काढली. त्या मुलाची अडचण जास्त थांबण्याची नव्हतीच. ती सुरू झाली होती घर घेतलं त्या दिवशी.

पहिली चूक: महिन्याचा आकडा धरून हप्ता ठरवणं

बोटीवरचा पगार बहुतेक कंपन्यांत साइन ऑनपासून साइन ऑफपर्यंतच मिळतो. घरी आलात की मीटर बंद. पुढचं जॉइनिंग कधी, हे कंपनीला माणूस कधी लागतो यावर ठरतं. दोन महिन्यांत बोलावतो म्हणणारे चार महिने फोन करत नाहीत.

त्याचा हिशेब आम्ही कागदावर मांडला. पगार महिना ३ लाख, वर्षात सात महिने बोटीवर, म्हणजे २१ लाख. बारा महिन्यांत वाटले तर महिन्याला पावणेदोन लाख पडतात. त्याने मात्र वर्धा रोडचा फ्लॅट घेताना डोक्यात ३ लाखच धरले होते. घराचा हप्ता ९०,००० आणि घरखर्च ४५,००० धरला तर वर्षाचे १६ लाख २० हजार जातात. उरतात ४ लाख ८० हजार. त्यावर गाडी घेतली, हप्ता २५,०००. शिल्लक आली १ लाख ८० हजारांवर. बाहेरून बघणाऱ्याला हा मुलगा श्रीमंत वाटतो. प्रत्यक्षात एक जॉइनिंग महिनाभर लांबलं तर त्याचे ३ लाख बुडतात आणि वर्ष तोट्यात जातं.

म्हणून तो दरवेळी थांबतो.

दुसरी चूक: क्लास टू पुढच्या वर्षी देऊ

सगळ्यात महाग चूक हीच, कारण तिचं बिल दहा वर्षांनी येतं. क्लास टू या सेकंड इंजिनियर होण्याच्या परीक्षेसाठी लागणारा सी टाइम, म्हणजे बोटीवर काढलेला काळ, त्याच्याकडे कधीचाच होता. पण परीक्षा म्हणजे मुंबईत कोर्स, लेखी, मग तोंडी. तोंडीत परत पाठवलं की पुन्हा थांबणं आलं. पाच-सहा महिने हाताशी हवेत आणि त्या काळात पगार नाही.

शिवाय त्या वर्षी करही लागतो, हे बऱ्याच मुलांच्या लक्षात येत नाही. एप्रिल ते मार्च या वर्षात भारतात १८२ दिवस किंवा जास्त राहिलात की तुम्ही एनआरआय न राहता निवासी ठरता आणि बोटीवरचा पगारही करात येतो. म्हणजे ३६५ दिवसांच्या वर्षात निदान १८४ दिवस बाहेरचे भरावे लागतात. परदेशी फेरीवर हे दिवस सीडीसी या बोटीवरच्या नोकरीच्या पुस्तिकेतल्या साइन ऑन आणि साइन ऑफच्या तारखांवरून मोजतात, त्यामुळे त्या पानांची झेरॉक्स घरी ठेवा. (ऑफशोअरला जाणाऱ्यांनी हे जास्तच नीट बघावं. मुंबई हायवर काम केलेले दिवस भारताबाहेरचे धरत नाहीत.) परीक्षेच्या वर्षी समजा पाचच महिने बोटीवर गेले, तर एनआरआयपण गेलं आणि १५ लाखांवर सध्याच्या नव्या करप्रणालीत जवळपास एक लाख कर आला.

आता त्या वर्षाचा हिशेब. मिळकत १५ लाख. घराचा हप्ता आणि घरखर्च १६ लाख २० हजार, कर १ लाख, कोर्स आणि मुंबईतलं राहणं मिळून २ लाख धरू. तूट येते ४ लाख २० हजारांची. मागच्या वर्षीची ४ लाख ८० हजारांची शिल्लक ती बरोबर भरून काढते. परीक्षा परवडत होती. गाडी घेतली नसती तर. गाडीच्या हप्त्यासह तूट ७ लाख २० हजार आणि हातात १ लाख ८० हजार.

परीक्षेची एवढी घाई का, असं त्याने विचारलं. किनाऱ्यावरची नोकरी वर्षांकडे बघत नाही, सर्टिफिकेट आणि रँक बघते, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. टेक्निकल सुपरिंटेंडंट घेताना क्लास वन हे सगळ्यात वरचं सर्टिफिकेट मागतात आणि बहुधा चीफ इंजिनियर म्हणून काम केलेलं हवं असतं. सर्व्हेअरच्या किंवा मरीन कॉलेजात शिकवण्याच्या जागांनाही वरचं सर्टिफिकेट लागतं. या नोकऱ्याही मुंबई, चेन्नई, कोची, सिंगापूरकडे. नागपुरात नाहीत. मी क्लास टूवर थांबलो. आई आजारी पडली तेव्हा सेकंड इंजिनियर होतो, परत आलो आणि बुटीबोरीत मेंटेनन्सला लागलो. पहिला पगार बोटीवरच्या पगाराच्या चौथाईही नव्हता. माझी चौदा वर्षं तिथे कुणी मोजली नाहीत आणि त्यात त्यांची चूकही नव्हती.

वर्षभर किनाऱ्यावर राहून बघू असं म्हणणाऱ्यांसाठी एक गोष्ट. सीओसी, म्हणजे हेच क्लासचं सर्टिफिकेट, पाच वर्षांचं असतं. त्या पाच वर्षांत बारा महिने सी टाइम असेल तर नूतनीकरण साधेपणी होतं. किनाऱ्यावर चार वर्षं आरामात गेली की परतीची वाट अवघड होते.

तिसरी चूक: घरचा कारभार आपल्याच सहीवर ठेवणं

त्या मुलाने एनआरई या एनआरआयच्या बँक खात्यात बायकोचं नाव जोडलं होतं आणि तो निश्चिंत होता. पण निवासी नातेवाइकाला एनआरई खात्यात 'फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर' पद्धतीनेच घेतात. खातेदार जिवंत असेपर्यंत बायकोला ते खातं नावावरून चालवता येत नाही, मुखत्यारपत्र लागतं. त्याच्या सासऱ्यांना रात्री दवाखान्यात हलवलं तेव्हा खात्यात पैसे असून बायकोला शेजाऱ्यांकडून घ्यावे लागले. बोट तेव्हा अटलांटिकमध्ये होती. बंदर यायचं, रिलिव्हर मिळायचा, मग मुंबई, मग नागपूर. घरी काय घडतंय ते फोनवर दिसतं, पोहोचता मात्र येत नाही.

जाण्याआधी मुखत्यारपत्र बँकेत नोंदवा आणि त्यावर बायकोच्या हातून एक व्यवहार करून बघा. सहा महिन्यांच्या घरखर्चाएवढी रक्कम तिच्या स्वतःच्या साध्या खात्यात ठेवा.

मग त्याने काय केलं

गाडी विकली आणि तो हप्ता संपवला. कंपनीला ईमेलने कळवलं की कॉन्ट्रॅक्ट ठरल्या तारखेला संपेल, पुढे नाही. तोंडी सांगितलेलं क्रूइंग डिपार्टमेंटमधला माणूस बदलला की हवेत जातं. साइन ऑफ मार्चअखेर पडेल असं मागून घेतलं, म्हणजे हे वर्ष एनआरआय म्हणून पूर्ण होतं आणि परीक्षेचे महिने नव्या वर्षात सुरू होतात. क्लास टू झाल्यावर सेकंड इंजिनियरच्या पगारातही घरखर्च ४५,०००च ठेवायचा आणि वरचे पैसे क्लास वनच्या वर्षासाठी वेगळ्या ठेवीत टाकायचे, असं नवराबायकोने मिळून ठरवलं. कागदावर बायकोने आणखी एक ओळ लिहिली: मुलगी पहिलीत जाईल तेव्हा नागपूर की मुंबई, हे क्लास वनच्या आधी बोलायचं.

ती ओळ मला सगळ्यात महत्त्वाची वाटली. किनाऱ्यावरची चांगली नोकरी मिळाली तरी ती नागपुरात नसेल. घर वर्धा रोडला आणि बाप नवी मुंबईत, असं झालं तर लांब राहणं संपत नाही, फक्त बोट बदलते. आमच्या घरी हे बोलणं कधी झालंच नाही.