पुढचा रनर १८ सेकंद पुढे आहे, म्हणजे नेमका किती मीटर? हे असं काढायचं

गेल्या डिसेंबरात भाच्याची १० किलोमीटरची रेस होती. विजापूर रोडला, संभाजी तलावाच्या अलीकडं, मी एका लाइटीच्या खांबाला सायकल टेकवून मोबाइलचं स्टॉपवॉच उघडून उभा. लाल बनियानवाला पोरगा खांबाजवळून गेला तसं बटण दाबलं, मागून आमचा भाचा आला तसं परत दाबलं, १८ सेकंद. मी ओरडलो, "अठरा सेकंद पुढं आहे बे तो!" तर हा पळता पळता काय म्हणतो, "मामा, मीटरमध्ये सांग की, सेकंद कुठं दिसतात का मला!"

बरोबरच आहे त्याचं. पळणाऱ्याला समोर रस्ता दिसतो, घड्याळ नाही. आणि बाजूला उभं राहिलेल्याला मोजता येतात ते फक्त सेकंद, कारण पळत्या दोघांच्या मध्ये कोण टेप धरणार. म्हणून सेकंदांचे मीटर करायला शिकावंच लागतं, आणि ते एकदा डोक्यात बसलं की खांबाखाली उभ्या उभ्या तोंडी जमतं.

आधी पेस सेकंदांत करून घ्या. भाचा त्या वेळी ४:३० च्या पेसने पळत होता म्हणजे एक किलोमीटरला साडेचार मिनिटं, म्हणजे २७० सेकंद. इथंच निम्मे लोक घसरतात, ४:३० बघून कॅल्क्युलेटरवर चार पॉइंट तीस टाकतात आणि साठने गुणतात, येतात २५८ सेकंद. चूक अशी की उत्तर साधारण बरोबरच वाटतं त्यामुळं कळतच नाही. घड्याळातलं ते टिंब दशांशाचं नाही, मिनिट आणि सेकंदाच्या मधलं आहे, म्हणून मिनिटं गुणिले ६० आणि वर उरलेले सेकंद, एवढंच करायचं.

मग मधल्या अंतराचे सेकंद घ्या, १००० ने गुणा आणि पेसच्या सेकंदांनी भागा.

```
१८ × १००० ÷ २७० = ६६.७ मीटर
```

झालं. २७० सेकंदांत हा १००० मीटर जातो तर १८ सेकंदांत किती, शाळेतलं त्रैराशिकच ते. ओरडताना मी "सदुसष्ट मीटर" म्हणत नाही, "पासष्ट-सत्तर" म्हणतो, कारण बोटाने बटण दाबण्यात पाव-अर्धा सेकंद इकडेतिकडे होतोच आणि या पेसला पाव सेकंद म्हणजे जवळजवळ एक मीटर.

तोंडी करायचं असेल तर दोन-तीन पेस पाठ करून ठेवा, बाकीचे त्यांच्या आसपास अंदाजाने बसवता येतात. ५:०० च्या पेसला ३ सेकंदाचे १० मीटर होतात. ४:१० ला एका सेकंदाचे बरोबर ४ मीटर. आणि ६:४० वाल्यांना एका सेकंदाचे अडीच मीटर. भाचा ४:३० वर म्हणजे चारला थोडं कमी, १८ चोक बहात्तर, त्यातनं पाच-सहा वजा, आलंच की उत्तर.

आता प्रश्न असा की पेस कुणाचा धरायचा, पुढच्याचा का मागच्याचा? यावर आमच्या कट्ट्यावर एकदा तासभर वाद झालाय. नीट बघा काय झालं ते. लाल बनियानवाला खांबाजवळून गेला त्या क्षणाला भाचा मागे कुठंतरी होता. तिथून खांबापर्यंत यायला त्याला १८ सेकंद लागले. म्हणजे मधला तो रस्ता भाच्याच्या पायांनी १८ सेकंदांत कापला, मग त्याचा पेस धरल्याशिवाय ते अंतर निघणार कसं? म्हणून मागच्याचा पेस. पण हे अंतर पुढचा खांबाशी होता तेव्हाचं. भाचा खांबाशी पोचला तेव्हा, म्हणजे मी ओरडलो तेव्हा, पुढचा त्या १८ सेकंदांत पळून आणखी पुढे गेलेला, म्हणून त्या घडीचं अंतर काढायचं तर पुढच्याचा पेस लागतो. सपाट रस्त्यावर दोघं साधारण सारखंच पळत असतील तर फरक मीटरभर येतो, त्यासाठी डोकं लावू नका, मागच्याचा पेस घ्या आणि मोकळे व्हा. तसंही खांबाशी उभ्या माणसाला मागच्याचाच पेस कळतो, तो आपला माणूस असतो.

चढ आला की मात्र हे अंगाशी येतं. रस्त्यावर स्पीडब्रेकर असतो तिथं एसटी आणि तिच्या मागची रिक्षा कशा जवळ जवळ येतात आणि ब्रेकर ओलांडला की परत लांब पळतात, तसंच होतं. पुलाच्या चढाला पुढचा आधी लागतो, आधी स्लो होतो, मागचा अजून सपाटीवर जोरात असतो, म्हणून मीटर कमी होतात. दोघंही चढावर ६:०० च्या पेसला आले की तेच १८ सेकंद फक्त ५० मीटर होतात. मग पुढचा माथ्यावरून उताराला लागतो आणि सुसाट सुटतो, मागचा अजून वर चढतोय. दोघं उतारावर ४:१० ला आले की तेच १८ सेकंद ७२ मीटर. सेकंद एकही हलला नाही पण पळणाऱ्याला चढावर वाटतं धरला याला आणि उतारावर वाटतं गेला हातातून, आणि मग पोरं चढावर उगाच दम घालवतात. म्हणून चढावर मी मीटर सांगतच नाही, फक्त सेकंद सांगतो आणि चढ संपून दोघं सपाटीला लागले की परत मीटर.

यातूनच पुढचा मुद्दा निघतो, पेस आत्ताचा पाहिजे, सुरुवातीपासूनचा सरासरी नाही. अविनाश साबळेचंच बघा, आपल्या बीड जिल्ह्यातला. २०२२ च्या बर्मिंगहॅम कॉमनवेल्थला ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये त्याला ८ मिनिटं ११.२० सेकंद लागले आणि गोल्ड घेतलेल्या केनियाच्या किबिवोटला ८:११.१५. फरक ०.०५ सेकंदाचा. साबळेचा सगळ्या रेसचा सरासरी स्पीड काढला तर सेकंदाला ६.१ मीटर येतो, त्याने हा फरक साधारण ३० सेंटिमीटर निघतो. पण लाइनीवर येताना माणूस सरासरीने पळत नसतो, फुल स्प्रिंटमध्ये असतो. समजा सेकंदाला ८ मीटर धरला तर तेच ४० सेंटिमीटर. इथं फरक सेंटिमीटरचा आहे म्हणून सोडून द्या, पण आपल्यासारख्यांचं शेवटच्या किलोमीटरला पाय संपलेले असतात, सरासरी ५:०० ची आणि आत्ता ६:१५ ने चाललोय, तिथं ३० सेकंद म्हणजे सरासरीने १०० मीटर आणि खरे ८० मीटरच. वीस मीटरचा घोळ.

आत्ताचा पेस मिळवायचा कसा? घड्याळावरचा लाइव्ह पेस मी धरत नाही, तो झाडाखाली, बिल्डिंगच्या कडेला ४:१० दाखवतो आणि दहा पावलांनी ४:५५. माझी पद्धत साधी आहे, आदल्या दिवशी जाऊन टेपने १०० मीटर मोजून दोन्ही टोकांना खडूची रेघ मारून ठेवायची. शेवटची रेघ म्हणजेच आपला खांब. रेसच्या दिवशी लांबून आपला माणूस पहिल्या रेघेवर दिसला की मोजायला सुरू, खांबाशी आला की थांबवायचं. त्या दिवशी भाच्याला २७ सेकंद लागले. याची गंमत अशी की मग पेस काढायचीही गरज नाही, २७ सेकंदांत १०० मीटर तर १८ सेकंदांत किती, तेच ६७. ट्रॅकवर तर रेघा आयत्याच असतात, ४०० मीटरच्या लॅपला ९६ सेकंद लागत असतील तर ४०० भागिले ९६ म्हणजे सेकंदाला ४ मीटरच्या थोडं वर. एकच, दोन गोष्टी एका स्टॉपवॉचवर जमवायला लॅपचं बटण वापरावं लागतं, घरी दोनदा प्रॅक्टिस करा.

अजून एक, रिझल्टच्या लिस्टमधले सेकंद घेऊन मीटर काढू नका. तिथं चिपचा टाइम असतो, म्हणजे तुम्ही स्टार्टची लाइन ओलांडली तेव्हापासूनचा. मागच्या गर्दीत उभा राहिलेला माणूस ४० सेकंद उशिरा लाइन ओलांडतो, आणि लिस्टमध्ये तुमच्यापेक्षा १० सेकंदांनी पुढे असला तरी रस्त्यावर तो तुमच्या मागेच होता, दिसलाच नसेल तुम्हाला. रस्त्यावरचे मीटर पाहिजेत तर एकाच खांबावर एकाच घड्याळाने दोघांना मोजलं पाहिजे.

तर त्या दिवशीचं सांगतो. १८ सेकंद हे ६ किलोमीटरला होते. मी गल्लीबोळातून सायकल मारत ७ ला पोचलो, तिथं १५ सेकंद, भाचा अजून ४:३० वरच, म्हणजे ५५ मीटर. किलोमीटरला ३ सेकंद कमी होतायत तर १५ संपायला ५ किलोमीटर लागणार आणि उरलेत तीनच. म्हणजे किलोमीटरला ५ सेकंद काढायला पाहिजेत, ४:३० चं ४:२८ करायला पाहिजे, पुढचा आहे तसाच पळाला तर. ओरडलो, "पंचावन्न मीटर, दोन सेकंद वाढव फक्त!" गडी जोशात ४:२६ ला गेला. ८ ला ८ सेकंद राहिले, ३० मीटर. ९ ला ४ सेकंद, १५ मीटर, कारण तोवर लाल बनियानवाल्यानं मागं वळून बघितलं होतं आणि त्यानेही थोडं दाबलं होतं.

शेवटच्या किलोमीटरला दोघं जीव तोडून पळाले, फिनिशजवळ ३:४५ चा पेस लागला होता, आणि लाइनीवर ३ सेकंद राहिलेच. भाचा दुसरा. घरी कडक भाकरी आणि शेंगाचटणी खाताना कुरकुर चालूच, "मामा, शेवटी एवढं पळालो पण अंतर तर तेवढंच दिसत होतं." मी ताटाशेजारी पेपरच्या कडेला लिहून दाखवलं, ३ गुणिले १००० भागिले २२५, तेरा मीटर. पंधराचे तेरा. सेकंद पाव हिश्शाने कमी झाले पण पेस वाढला त्यामुळं मीटर दोनच कमी झाले. त्यानं पेपर आपल्याकडं ओढला, दोनदा आकडे बघितले आणि म्हणाला, "म्हणजे आठव्या किलोमीटरलाच दाबायला पाहिजे होतं की."